ट्रॅक्टरचा धूर आणि ट्रेमचे टप्पे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं डिझेल पंप आणि नोझलचं वर्कशॉप आहे. ऊस ओढणारे ट्रॅक्टर जास्त येतात. गेल्या तीन-चार हंगामांत पंपापेक्षा ‘हे ट्रेम काय आहे’ हाच प्रश्न जास्त येऊ लागला, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोज. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर ट्रॅक्टरवर आहे, ट्रक आणि जनरेटरवाल्यांसाठी प्रश्न 13 आहे.

1. ट्रेम म्हणजे काय? बीएस-6 ट्रॅक्टरला लागू नाही का?

रस्त्यावरच्या गाड्यांना भारत स्टेज, म्हणजे बीएस, लागू होतं. शेतीच्या ट्रॅक्टरला त्याचंच भावंड असलेलं वेगळं मानक आहे, त्याला ट्रेम म्हणतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 115-अ हा नियम ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि बांधकामाच्या यंत्रांच्या धुरासाठी आहे. इंजिनाचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो आणि पास झाल्यावरच ते मॉडेल बाजारात येतं.

वेगळं मानक असण्याचं कारण कामाच्या पद्धतीत आहे. गाडीचं माप किलोमीटरवर धरता येतं. ट्रॅक्टर जागेवर उभा राहूनही तासन् तास पंप चालवतो, मग किलोमीटर कुठले धरणार? म्हणून इथे माप आहे ग्रॅम प्रति किलोवॅट-तास, म्हणजे इंजिनाने एक युनिट काम केलं तर त्यामागे किती ग्रॅम घाण बाहेर पडली.

2. नॉक्स आणि पीएम यांत फरक काय? मला तर फक्त काळा धूर दिसतो.

दिसतो तो पीएम, म्हणजे काजळीचे बारीक कण आणि त्यांना चिकटलेलं अर्धवट जळलेलं डिझेल व ऑइल. डिझेलच्या थेंबाला पुरेशी हवा मिळाली नाही की तो जळण्याऐवजी काजळतो.

नॉक्स हा वायू आहे. सिलिंडरमध्ये ज्वाला फार तापली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना पकडतात. त्यात डिझेलचा दोष नसतो, उष्णतेचा असतो. सायलेन्सरमधून निघताना त्यातला बहुतांश भाग रंगहीन असतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण बाहेर हवेत त्याचा नायट्रोजन डायऑक्साइड होतो, उन्हात त्यातून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि पुढे नायट्रेटच्या रूपाने त्याचेच बारीक कणही होतात. म्हणजे आज वायू म्हणून सोडलेला नॉक्स नंतर कण होऊन छातीत जातो. डिझेलचा धूर माणसाला कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये जाहीर केलं आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर इंजिन चालू असतात, त्यामुळे मला ही ओळ वाचून विसरता आलेली नाही.

3. मर्यादा टप्प्याटप्प्याने किती खाली आली?

पहिला टप्पा ऑक्टोबर 1999 चा. नॉक्सला 18 ग्रॅमची मुभा होती आणि कणांवर मर्यादाच नव्हती. जून 2003 च्या दुसऱ्या टप्प्यात हायड्रोकार्बन, म्हणजे न जळता बाहेर पडलेल्या डिझेलची वाफ, आणि नॉक्स मिळून 15 ग्रॅम झाले, कण पहिल्यांदा मोजले गेले आणि त्यांना 1 ग्रॅमची मर्यादा आली. ऑक्टोबर 2005 च्या तिसऱ्या टप्प्यात हेच आकडे 9.5 आणि 0.8 झाले.

इथवर सगळ्या ट्रॅक्टरना एकच नियम होता. 2010-11 च्या ट्रेम-3ए पासून ताकदीप्रमाणे पट्टे पडले. 19 ते 37 किलोवॅटच्या ट्रॅक्टरला 7.5 आणि 0.6, तर 37 ते 75 किलोवॅटला 4.7 आणि 0.4. त्यानंतर बरीच वर्षं काही हललं नाही. ट्रेम-4 मूळचं ऑक्टोबर 2020 चं, ते पुढे पुढे ढकललं जात 1 जानेवारी 2023 ला लागू झालं, आणि तेही फक्त 37 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना. त्यात 37 ते 56 किलोवॅटच्या पट्ट्यात कणांची मर्यादा 0.4 वरून एकदम 0.025 झाली. सोळा पट कमी! पण त्याच पट्ट्यात नॉक्सचा आकडा 4.7 वरच राहिला. त्याचं कारण प्रश्न 5 मध्ये आहे, आधी प्रश्न 4 वाचा.

4. “मिस्त्री, टायमिंग बदलून धूर बंद करून द्या” असं सांगितलं तर होतं का?

धूर कमी होतो, पण नॉक्स वाढतो. या मानकांचा सगळा इतिहास या एका कात्रीभोवती फिरतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पंपाचं टायमिंग पुढे घेतलं की डिझेल लवकर पडतं, त्याला जळायला वेळ मिळतो. काजळी कमी होते, इंजिन ताकद धरतं, डिझेलही थोडं वाचतं. पण सिलिंडरमधली उष्णता आणि दाब वाढतो आणि नॉक्स उसळतो. टायमिंग मागे नेलं की उलट होतं. ज्वाला थंड पडते, नॉक्स घटतो, मात्र काजळी आणि डिझेलचा खप वाढतो. एक दाबलं की दुसरं वर येतं.

म्हणूनच सरकारने एकाच वेळी दोन्ही आकडे खाली आणले की कंपनीला नुसत्या टायमिंगने सुटका मिळत नाही, यंत्रच बदलावं लागतं. सुरुवातीचे टप्पे नोझलची भोकं बारीक करून, पिस्टनच्या वाटीचा आकार बदलून, पंपाचा दाब वाढवून आणि काही ठिकाणी टर्बो लावून पार पडले. ट्रेम-3ए मध्ये काही इंजिनांत ईजीआर आला. ईजीआर म्हणजे जळलेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा सिलिंडरमध्ये घेणं. त्याने ज्वालेचा ताव उतरतो आणि नॉक्स कमी होतो, पण ताजी हवा कमी पडल्यामुळे काजळी वाढते. कात्री पुन्हा तीच.

ती तोडली ती दोन गोष्टींनी. एक कॉमन रेल. त्यात फार मोठ्या दाबाने डिझेलची वाफेसारखी फवारणी होते आणि एका फेऱ्यात ते दोन-तीन वेळा थोडं थोडं सोडता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे सायलेन्सरच्या जागी बसलेला कणांचा फिल्टर, डीपीएफ. इंजिनात काजळी झाली तरी ती बाहेर न सोडता आत अडवायची. म्हणजे इंजिन नॉक्स सांभाळेल आणि फिल्टर काजळी, अशी कामाची वाटणी झाली.

जुन्या मेकॅनिकल पंपाचं टायमिंग कंपनीच्या खुणेवरून हलवून धूर ‘बंद’ करून देणारे पुष्कळ आहेत. आम्ही करत नाही. जुन्या ट्रॅक्टरचा काळा धूर बहुतेक वेळा तुंबलेल्या एअर फिल्टरने, टिपकणाऱ्या नोझलने किंवा पंपाचं डिझेल वाढवून ठेवल्याने येतो. ते आधी तपासा.

5. 55 एचपीच्या नव्या ट्रॅक्टरला फिल्टर आहे, पण युरियाची टाकी नाही. फसवलं का मला?

नाही, नियमच तसा आहे. 55 एचपी म्हणजे साधारण 41 किलोवॅट, हा ट्रॅक्टर 37 ते 56 च्या पट्ट्यात बसतो. तिथे कणांची मर्यादा 0.025 झाली, पण हायड्रोकार्बन आणि नॉक्स मिळून 4.7 हीच राहिली. 4.7 साठी थंड केलेला ईजीआर आणि कॉमन रेल पुरतात.

56 किलोवॅटच्या, म्हणजे साधारण 75 एचपीच्या वर गेलात की नॉक्सची मर्यादा 0.4 ग्रॅम होते. तिथे नुसता ईजीआर पुरत नाही. मग एससीआर लागतं. युरियाचं 32.5 टक्क्यांचं द्रावण गरम धुरात फवारलं जातं, त्यातून अमोनिया निघतो आणि तो नॉक्सचं पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. ती टाकी, पंप, सेन्सर हे सगळं लहान ट्रॅक्टरवर बसवायला जागाही नसते आणि किंमतही झेपत नाही. युरोप-अमेरिकेतही या लहान पट्ट्याला 4.7 वरच ठेवलं होतं. माझं मत विचाराल तर ही तडजोड समजण्यासारखी आहे, पण ‘ट्रेम-4 म्हणजे सगळं स्वच्छ’ असं ट्रॅक्टर विकताना सांगितलं जातं, ते अर्धसत्य आहे.

6. प्रत्यक्षात फरक किती पडतो? आकड्यात सांगा.

वरच्याच 55 एचपीच्या ट्रॅक्टरचा हिशेब करू. दोन ट्रॉल्या ऊस घेऊन शेत ते कारखाना अशा फेऱ्या, दिवसाला 8 तास इंजिनावर भार आणि सरासरी 15 किलोवॅट ताकद वापरली असं धरू. रोजचे 120 किलोवॅट-तास झाले. हंगाम 120 दिवसांचा धरू.

ट्रेम-3 च्या मर्यादेवर चालणारा ट्रॅक्टर रोज 96 ग्रॅम कण सोडेल, हंगामात साडेअकरा किलो. ट्रेम-3ए चा रोज 48 ग्रॅम, हंगामात पावणेसहा किलो. ट्रेम-4 चा रोज 3 ग्रॅम, अख्ख्या हंगामात 360 ग्रॅम. पावणेसहा किलोची काजळी आणि मूठभर काजळी, एवढा फरक.

आता नॉक्स आणि हायड्रोकार्बन बघा. ट्रेम-3 ला हंगामात सुमारे 137 किलो. ट्रेम-3ए ला 68 किलो. आणि ट्रेम-4 ला? पुन्हा 68 किलो. एका ट्रॅक्टरमागे 68 किलो वायू, जो कुणाला दिसत नाही.

हे आकडे मर्यादेवरचे आहेत. कंपन्या थोडी फट ठेवून इंजिन बनवतात, त्यामुळे नवा ट्रॅक्टर याच्या खाली असतो आणि देखभाल नसलेला जुना वर. आणखी एक गोष्ट म्हणजे कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत इंजिन चालू ठेवलं, तर काम शून्य आणि धूर चालूच. तो या हिशेबात धरलेलाच नाही.

7. माझा ट्रॅक्टर 2009 चा आहे. तो आता बेकायदा ठरतो का?

नाही. ट्रॅक्टर बनला त्या दिवशी जो टप्पा लागू होता, तोच त्याला आयुष्यभर लागू राहतो. नवा नियम जुन्या यंत्रावर मागे जाऊन लागत नाही. म्हणूनच नियम कडक झाला तरी शिवारातली हवा लगेच बदलत नाही, जुने ट्रॅक्टर वीस-वीस वर्षं चालतात.

8. शोरूमवाले 49 एचपीचं मॉडेलच घ्या म्हणतात. का?

कारण 37 किलोवॅटची रेघ. तिच्या खाली ट्रेम-3ए चाललं आणि वर ट्रेम-4 लागलं. खालच्या ट्रॅक्टरला मेकॅनिकल पंप चालतो, फिल्टर नाही, किंमत कमी आणि दुरुस्ती गल्लीत होते. त्यामुळे रेघेच्या जरासं खाली बसणारी मॉडेल्स बाजारात दिसतात.

एक खबरदारी घ्या. रेघ इंजिनाच्या ताकदीवर ठरते, पीटीओच्या नाही. 50 एचपी इंजिनाचा पीटीओ 43-44 एचपी असू शकतो. बोनेटवरचा आकडा सोडा आणि कागदावर किलोवॅट किती लिहिलेत ते बघा. दोन ट्रॉल्या भरून घाट चढायचा असेल तर ताकदीचा विचार आधी करा. केवळ फिल्टर चुकवायला लहान इंजिन घेऊन त्याला दिवसभर पिळलं, तर धूर आणि डिझेल दोन्ही वाढतं.

9. गाळप सुरू झालं की डॅशबोर्डवर फिल्टरचा दिवा लागतो. बाकी वर्षभर काही नसतं. असं का?

हा प्रश्न दर नोव्हेंबरला येतो आणि उत्तर यार्डात आहे.

फिल्टर काजळी अडवतो, पण ती कुठेतरी जाळावीही लागते. भारात ट्रॅक्टर चालत असताना धूर चांगला तापतो आणि साधारण 250 अंशांच्या वर फिल्टरमधली काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. नांगरटीत हे दिवसभर होतं, म्हणून दिवा लागत नाही. यार्डात मात्र गव्हाणीपर्यंत नंबर लागायला चार-पाच तास जातात आणि चालक इंजिन आयडलवर ठेवून बसतो. आयडलवर धूर 100 ते 200 अंशांचाच असतो. काजळी साचते आणि जळत काहीच नाही.

मग संगणक स्वतः पुढाकार घेतो. जास्तीचं डिझेल उशिरा फवारून फिल्टरचं तापमान 550-600 अंशांवर नेतो आणि काजळी जाळतो. यालाच रिजनरेशन म्हणतात. ते अर्धवट असताना चालकाने इंजिन बंद केलं किंवा बटण दाबून रद्द केलं, आणि असं पाच-सहा वेळा झालं, की आधी दिवा लागतो, मग ताकद कापली जाते. भरल्या ट्रॉल्यांनिशी चढावर ताकद गेली की काय होतं, ते सांगायला नको.

उपाय सोपे आहेत. रांगेत इंजिन बंद ठेवा. दिवा लागला तर रिजनरेशन पूर्ण होऊ द्या. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: उभ्या ट्रॅक्टरवर रिजनरेशन करताना खाली किंवा शेजारी पाचट, वैरण, वाळलेलं गवत असू नये. धुराचं तोंड तेव्हा एवढं तापतं की वाळलेलं पाचट पेटू शकतं. उसाच्या फडात हे कधीच करू नका. मोकळ्या मातीवर या, मग बटण दाबा.

10. ट्रॅक्टरचं ऑइल कमी व्हायचं ते वाढतंय. चांगलंच ना?

अजिबात नाही, ताबडतोब गाडी थांबवा. गेल्या हंगामात एक चालक कौतुकाने सांगत आला, “दादा, नवीन गाडी ऑइल खातच नाही, उलट वाढलंय.” डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. रिजनरेशनसाठी उशिरा फवारलेल्या डिझेलचा थोडा भाग लायनरला लागून खाली ऑइलमध्ये उतरतो. रिजनरेशन सारखं अर्ध्यावर तुटत असेल (प्रश्न 9) तर हे साचत जातं. पातळ ऑइलने बेअरिंग जातात. त्या ट्रॅक्टरचं ऑइल बदललं, लॅपटॉप लावून फिल्टर एकदा पूर्ण साफ केला आणि चालकाला रद्द करायच्या बटणाला हात लावू नको म्हणून सांगितलं. बेअरिंग वाचले.

ऑइल पुस्तकात लिहिलेलं, कमी राखेचंच टाका. काजळी जळते, पण साध्या ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

11. फिल्टर काढून साधा पाइप टाकून दिला तर? ईजीआरला पत्रा मारला तर?

दोन्ही कामं करून देणारे आहेत आणि दोन्ही बेकायदा आहेत. मान्यता मिळालेल्या रचनेत फेरफार होतो, वॉरंटीही जाते.

परिणाम वेगवेगळे आहेत. ईजीआरला पत्रा मारला की काजळी कमी होते, चालक खूश होतो, नॉक्स मात्र कितीतरी वाढतो आणि कुणालाच कळत नाही. फिल्टर काढला की त्याच्या उलट. हे इंजिन ‘फिल्टर आहे’ असं धरून, ईजीआर सढळ ठेवून बनवलेलं असतं. फिल्टर गेला की अडवणारं काही उरत नाही आणि 16 पट सुधारणा एका दुपारी परत जाते. तो धूर पहिल्यांदा ट्रॅक्टरवाल्याच्याच नाकात जातो.

12. फिल्टर चांगला आहे की फुटलाय, घरी कसं ओळखू?

इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून पांढरं फडकं फिरवा. शाबूत फिल्टर असेल तर फडक्यावर जेमतेम राखाडी डाग येतो. फडकं काळंकुट्ट झालं तर आतली सिरॅमिकची जाळी तडकलेली असते, किंवा आधीच्या मालकाने ती काढून डबा रिकामा जोडलेला असतो. जुना ट्रेम-4 ट्रॅक्टर विकत घेताना हे फडकं खिशात ठेवाच.

नॉक्ससाठी अशी घरगुती खूण नाही. पीयूसीच्या यंत्रावरही डिझेलच्या धुराची फक्त अपारदर्शकता मोजतात, नॉक्स नाही. म्हणून पीयूसी पास म्हणजे ईजीआर ठीक, असं समजू नका.

13. ट्रक आणि जनरेटरला हेच आकडे का?

नाही. मोठ्या ट्रकना बीएस लागू आहे. बीएस-3 ला नॉक्स 5.0 आणि कण 0.10, बीएस-4 ला 3.5 आणि 0.02, एप्रिल 2020 च्या बीएस-6 ला 0.4 आणि 0.01. म्हणजे ट्रकमध्ये दोन्ही आकडे एकत्र खाली आले, म्हणून तिथे फिल्टर आणि युरिया दोन्ही दिसतात. जनरेटरचे नियम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे, वेगळे.

या सगळ्यामागे डिझेल बदललं हे विसरू नका. 2010 ला देशभर गंधक 350 पीपीएम होतं, 2017 ला 50 आणि 2020 ला 10. गंधकाने फिल्टरआधीचा कॅटॅलिस्ट निकामी होतो, त्यामुळे आधी डिझेल स्वच्छ झालं, मग फिल्टर आला. बॅरलमधलं, रॉकेल मिसळलेलं डिझेल नव्या ट्रॅक्टरला का चालत नाही, त्याचं उत्तरही हेच.

14. 50 एचपीच्या खालच्या ट्रॅक्टरना पुढे काय?

ट्रेम-5. त्याची मूळची एप्रिल 2024 ची तारीख पुढे ढकलली गेली, पण आकडे जाहीर झालेले आहेत. 19 ते 37 किलोवॅटच्या पट्ट्यात 7.5 चे 4.7 होतील आणि कण 0.6 वरून 0.015 वर येतील, म्हणजे चाळीसपट कमी. शिवाय कणांचं नुसतं वजन नाही, संख्याही मोजली जाईल, कारण अतिबारीक कण वजनात भरत नाहीत पण फुप्फुसात सगळ्यात खोल जातात. संख्येची मर्यादा पाळायची तर फिल्टरशिवाय मार्ग नाही. आपल्याकडे सगळ्यात जास्त विकले जातात ते याच पट्ट्यातले ट्रॅक्टर, त्यामुळे प्रश्न 9 मधला दिवा तेव्हा लहान शेतकऱ्याच्या डॅशबोर्डवरही येईल. या पट्ट्यातला नवा ट्रॅक्टर घ्यायचा विचार असेल, तर जवळच्या डीलरकडे लॅपटॉप लावून रिजनरेशन करणारा माणूस आहे का, हे किंमत विचारायच्या आधी विचारा.